दीडशे टक्के सगळ्यांनाच कशाला?

पत्र

दादा नमस्कार. माझं वय 56, चष्मा आहे, दिवसभर लॅपटॉपवर वाचन चालू असतं. बातम्यांच्या एका साईटवर अक्षर इतकं बारीक दिसायचं की डोकं दुखायला लागायचं म्हणून मुलाने क्रोममधे जाऊन झूम 150 करून दिला. ती साईट आता बरी दिसते पण बाकी सगळा सावळागोंधळ झालाय. मेल उघडला की अक्षरं अंगावर येतात, फॉर्म भरताना खालचं बटणच सापडत नाही, एका साईटवर तर हेडिंगचा एकच शब्द मावतो. आणि गंमत म्हणजे रेसिपीची एक साईट अजूनही बारीकच आहे, तिच्यावर 150 चा काही परिणामच नाही! मैत्रीण म्हणते रीडर मोड लाव, पण तिच्या फायरफॉक्समधे ते चिन्ह कधी दिसतं कधी गायब. मिनिमम फॉन्ट साईज म्हणून पण काहीतरी असतं म्हणे. नक्की काय लावू आणि किती लावू? क्रोम वापरते, विंडोज आहे, स्क्रीन 1366 बाय 768 असं मुलाने सांगितलं.

उत्तर

ताई नमस्कार,

आधी एक छोटी तपासणी करा, मग बाकीचं. क्रोममधे वर जिथे साईटचा पत्ता टाईप करता ती पट्टी बघा, तिथली अक्षरं वाचायला त्रास होतो का? टॅबवरची नावं, डेस्कटॉपवरच्या फाईलींची नावं? ती पण बारीक वाटत असतील तर प्रश्न ब्राउजरचा नाहीच, विंडोजचा आहे, मग Settings मधे Display मधे जाऊन Scale 125 करा आणि पुढचं सगळं नंतर बघू. पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं ती अक्षरं तुम्हाला नीट दिसतायत, फक्त काही साईट्सची अक्षरं बारीक आहेत. असं असेल तर मुलाने केलं ते प्रेमाने केलं पण चुकीच्या जागी केलं.

झूम म्हणजे गुणाकार. पानावर जे जे आहे त्या सगळ्याला तो एकाच आकड्याने गुणतो, बारीक अक्षर, मोठं अक्षर, फोटो, मोकळी जागा, सगळं. समजा एका बातमीच्या पानावर मुख्य मजकूर 14 पिक्सेल आहे, खालची तारीख आणि फोटोखालची ओळ 10 आणि हेडिंग 34. आता 150 टक्के केलं की मजकूर झाला 21, तारीख झाली 15 आणि हेडिंग झालं 51! तुम्हाला त्रास होता तो त्या 10 चा आणि थोडाफार 14 चा, 34 च्या हेडिंगबद्दल तुमची काहीच तक्रार नव्हती, पण तेही वाढलं. हेडिंगचा एकच शब्द मावतो म्हणता ना, तो इथून आला.

आता मिनिमम फॉन्ट साईज काय करते ते बघा. ती गुणाकार करत नाही, ती फक्त एक तळ ठरवते, यापेक्षा लहान अक्षर मला दाखवायचं नाही एवढंच. त्याच पानाला तळ 15 दिला तर तारीख 10 ची 15 होईल, मजकूर 14 चा 15 होईल आणि हेडिंग होतं तिथेच, 34 वर. फोटो हलणार नाहीत, पानाची रुंदी हलणार नाही. म्हणजे जे बारीक होतं तेवढंच वर आलं. तुमच्या तक्रारीवर औषध हे आहे.

आता बटण कुठे गेलं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की झूम जपून वापराल. तुमची स्क्रीन 1366 पिक्सेल रुंद. 150 टक्के झूम केला की साईटला वाटतं आपल्याला 1366 भागिले दीड म्हणजे साधारण 911 पिक्सेलच जागा मिळाली आहे. बऱ्याच साईट्स रुंदी कमी दिसली की स्वतःला टॅबलेट किंवा मोबाईलसारखं मांडून घेतात, मग वरचा मेनू जाऊन तीन आडव्या रेघा येतात, बाजूचा कॉलम खाली जातो, आणि माणूस म्हणतो साईट बदलली की काय. बदलली नाही, तिला जागा कमी दिसतीये. उंचीचं तर अजून वाईट. 768 मधून टॅब, पत्त्याची पट्टी आणि खालची टास्कबार वजा केली की पानाला साधारण सव्वासहाशे उरतात, त्याला दीडने भागा, चारशेच्या आसपास आले. फॉर्म जर मधे उघडणाऱ्या चौकटीत असेल आणि ती चौकट पाचशे उंच असेल तर खालचं बटण स्क्रीनच्या बाहेर, आणि अशा काही चौकटी स्क्रोल पण होत नाहीत! अशा वेळी घाबरून पान बंद करू नका, भरलेलं सगळं जाईल. Ctrl दाबून धरा आणि वजाचं बटण दोनतीनदा दाबा, पान लहान होईल, बटण दिसेल, क्लिक करा, नंतर परत Ctrl आणि अधिक. झूम बदलल्याने फॉर्ममधे भरलेलं पुसलं जात नाही.

आता ती रेसिपीची हट्टी साईट. क्रोम प्रत्येक साईटसाठी झूम वेगळा लक्षात ठेवतो. कधीतरी तुम्ही त्या साईटवर Ctrl धरून वजा दाबलं असेल, किंवा दाबलंही नसेल, Ctrl वर बोट राहून गेलं आणि माऊसचं चाक फिरलं तरी झूम बदलतो, आणि बहुतेक वेळा असंच होतं, माणसाला पत्ता पण लागत नाही. त्या दिवशी समजा 90 झालं असेल तर क्रोमने त्या साईटच्या नावापुढे 90 लिहून ठेवलं. आणि साईटच्या नावाने लिहून ठेवलेला आकडा हा सगळ्यांसाठीच्या आकड्यापेक्षा वरचढ असतो. मुलाने बदलला तो सगळ्यांसाठीचा, तो ज्यांच्या नावापुढे काही लिहिलेलं नाही त्यांनाच लागू. म्हणून रेसिपीवाली आपली 90 वर बसून आहे. हाच प्रकार उलटा पण होतो, एखादी साईट कायम राक्षसी आकारात उघडते, बाकी सगळं ठीक. माझ्याकडे एक साईट कितीतरी दिवस 175 वर होती आणि मी त्यांच्या डिझायनरला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, शेवटी कळलं की मांजर कीबोर्डवर बसतं तेव्हा ते काहीही दाबू शकतं.

ही वही उघडून बघता येते. पत्त्याच्या पट्टीत हे टाईप करा आणि एंटर मारा:

```
chrome://settings/content/zoomLevels
```

इथे ज्या ज्या साईटचा झूम तुमच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा वेगळा आहे त्यांची यादी दिसेल, समोर टक्के, आणि काढून टाकायला फुली. यादीत नसलेली साईट म्हणजे ती ठरलेल्या आकड्यावर आहे. मला विचाराल तर ही यादी आज पूर्ण रिकामी करा, एकेक फुली मारत. पुढचं सगळं कोऱ्या पाटीवर करायचंय, नाहीतर काय कशामुळे झालं ते परत कळणार नाही.

हे लक्षात ठेवणं साईटच्या पूर्ण नावावर चालतं बरं का. म्हणजे एकाच कंपनीचा मेल वेगळ्या नावाने सुरू होत असेल आणि बातम्या वेगळ्या नावाने, तर क्रोमच्या दृष्टीने त्या दोन साईट्स, दोन्हीचा झूम वेगवेगळा. पण त्याच नावाची पाच पानं पाच टॅबमधे उघडी असतील तर एकात बदललं की पाचही बदलतात, तेव्हा दचकू नका. इन्कॉग्निटो खिडकीत केलेला झूम ती खिडकी बंद केली की विसरला जातो. आणि ब्राउजरची साफसफाई करताना Site settings या ओळीवर खूण असेल तर ही सगळी वही कोरी होते, काही लोक दर आठवड्याला हिस्टरी पुसतात आणि मग म्हणतात माझा झूम राहतच नाही, तो राहणार कसा, तुम्हीच पुसताय.

आता लावायचं काय ते. यादी रिकामी झाली की Settings मधे डावीकडे Appearance, तिथे Page zoom असेल 150 वर, ते 100 करा. घाबरू नका, दोन मिनिटं सगळं बारीक दिसेल. त्याच्या लगेच वर Customize fonts आहे, किंवा सरळ हे टाका:

```
chrome://settings/fonts
```

इथे दोन सरकपट्ट्या आहेत आणि लोक या दोघींची कायम गल्लत करतात. वरची Font size, खालची Minimum font size. वरचीचा अर्थ असा की ज्या साईटने अक्षराचा आकार ब्राउजरवर सोडलाय किंवा ब्राउजरच्या आकाराच्या पटीत सांगितलाय तिथे किती धरायचं. हा आकडा मुळात 16 असतो. तो 20 केला की अशा साईट्सवर सगळं सव्वापट होतं, छान दिसतं, फोटो आणि चौकटी पण बहुतेक जागेवर राहतात. पण ज्या साईटने अक्षर थेट पिक्सेलमधे ठोकून दिलंय, म्हणजे 12 म्हणजे 12 च, तिच्यावर या पट्टीचा शून्य परिणाम. कोणती साईट कुठल्या जातीची हे ओळखायला सोपी युक्ती आहे, साईट एका टॅबमधे उघडी ठेवा, दुसऱ्या टॅबमधे ही पट्टी एकदम टोकाला न्या आणि परत येऊन बघा. अक्षर फुगलं तर साईट ब्राउजरचं ऐकते, हललंच नाही तर पिक्सेलवाली. जुन्या धाटणीच्या बातम्यांच्या साईट्स बऱ्याचदा पिक्सेलवाल्या निघतात, आणि तिथे चालते ती खालची पट्टी, तळवाली, कारण ती साईटने काय सांगितलंय ते विचारतच नाही.

तर तुम्ही वरची 18 वर ठेवा आणि खालची 14 वर. एवढंच. मग तुमच्या नेहमीच्या पाचसहा साईट्स उघडा आणि दोन दिवस वाचा. अजून बारीक वाटलं तर खालची 15, मग 16. एकदम 20 वर उडी मारू नका, का ते सांगतो.

तळ वाढवला की साईटचं अक्षर वाढतं पण त्याच्या भोवतीची चौकट वाढेलच असं नाही. डिझायनरने बटण बनवलं ते 11 च्या अक्षराला मापून, उंची रुंदी पिक्सेलमधे ठरवलेली, तुम्ही तिथे 20 चं अक्षर कोंबलं की शब्द बटणाबाहेर लोंबतो किंवा अर्धा कापला जातो. मेनूतली पाच नावं एका ओळीत बसायची ती दोन ओळींत जातात आणि दुसरी ओळ खालच्या फोटोवर चढते. नकाशे, तक्ते, कॅलेंडरची घरं इथे आधी गडबड दिसते. मजकुरातल्या टिपांचे वर चढवलेले छोटे आकडे असतात ते मजकुराएवढेच मोठे होतात, मग 15 वर टीप 2 आहे का आकडा 152 आहे असा घोळ. आणि आपल्या देवनागरीचं एक जास्तीचं दुखणं आहे. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, म्हणजे अक्षराला वर आणि खाली जागा लागते. दोन ओळींमधलं अंतर साईटने पिक्सेलमधे ठोकलेलं असेल तर अक्षर मोठं झाल्यावर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, किंवा चौकटीच्या कडेला मात्राच कापली जाते आणि ‘मोर’ चा ‘मार’ दिसतो. तुमच्या साईटवर असं दिसायला लागलं की समजा तळ जरा जास्त झाला, एक घर खाली या. याच कारणाने एकाच आकड्याचं मराठी अक्षर शेजारच्या इंग्रजीपेक्षा लहान वाटतं, मात्रा आणि उकार बसवायला मधला भाग आखूड करावा लागतो. तेव्हा जो मराठीच जास्त वाचतो त्याने तळ इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा एकदोन घरं वर ठेवला तर काही चुकत नाही.

काही गोष्टींना तळ लागूच होत नाही हे पण सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल दादाने सांगितलेलं चालत नाही. फोटोत लिहिलेला मजकूर, स्कॅन केलेलं पान, पीडीएफ, हे सगळं ब्राउजरच्या दृष्टीने अक्षर नाहीच किंवा वेगळ्या दुकानाचं आहे, तिथे झूमच लागतो. आणि साईटने मुद्दाम शून्य आकाराचं ठेवलेलं अक्षर, म्हणजे लपवलेलं, ते क्रोम लपलेलंच ठेवतो, ते बरंच आहे.

आता यानंतर ज्या एकदोन साईट्स तरीही त्रास देतील त्यांना त्यांच्यापुरता झूम द्या. ती साईट उघडायची आणि Ctrl आणि अधिक एकदा दाबायचं, 110 होईल, परत दाबलं तर 125, मग 150. तुमच्या बातम्यांच्या साईटला माझ्या अंदाजाने तळ 14 आणि झूम 110 किंवा 125 एवढ्यात भागेल, 1366 भागिले 1.25 म्हणजे 1093 पिक्सेल जागा उरते, बऱ्याच साईट्स एवढ्यात मोठ्या स्क्रीनचीच मांडणी ठेवतात. 150 ला ज्या कोसळल्या त्या 125 ला उभ्या राहतील. झूम बदललेला असला की पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटं भिंग येतं, त्यावर क्लिक केलं की किती टक्के आहे ते दिसतं आणि तिथेच Reset पण आहे. Ctrl आणि शून्य दाबलं की साईट ठरलेल्या आकड्यावर परत जाते आणि वहीतून तिचं नाव निघून जातं. इथे एक बारकावा, क्रोममधे Ctrl शून्य म्हणजे कायम 100 असं नाही, Page zoom मधे तुम्ही जो ठेवलाय तो. मुलाने 150 ठेवला होता तोपर्यंत तुम्ही कितीही वेळा Ctrl शून्य दाबलं असतं तरी मेल अंगावरच आला असता.

मोठ्ठं दिसणाऱ्या साईटचं पण तेच, Ctrl शून्य दाबून बघा, साधी झाली तर चुकून झूम झाला होता. नाही झाली तर साईटच तशी आहे, तिला 90 किंवा 80 करून टाका, लाजायचं कारण नाही, झूम कमी करायला Ctrl आणि वजा आहेच. आणि टचपॅडवर दोन बोटं फाकवून जे मोठं होतं ते या कशातच मोडत नाही, ते भिंग धरल्यासारखं आहे, पान आहे तसंच राहतं फक्त त्याचा तुकडा मोठा दिसतो, ओळ वाचायला डावीउजवीकडे सरकवावं लागतं, आणि ते क्रोम लक्षात ठेवत नाही. त्याने भिंगाचं चिन्ह पण येत नाही, म्हणून लोक गोंधळतात की 100 दाखवतंय तर एवढं मोठं का. बोटं जवळ आणा, जाईल.

रीडर मोडकडे येऊ. मैत्रीण बरोबर सांगतीये पण तो झूमचा पर्याय नाही, तो लांबलचक लेख वाचायचा पर्याय आहे. रीडर मोड पानातून लेखाचा मजकूर उचलतो, बाकीचं सगळं टाकून देतो, आणि स्वतःच्या साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात मांडतो, तिथे अक्षराचा आकार, ओळीची रुंदी, ओळींमधलं अंतर सगळं तुमच्या हातात. साईटने अक्षर कितीचं ठोकलं होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून मात्रा कापली जाणं वगैरे भानगड इथे होत नाही. मराठी लेख वाचायला मला तरी याच्यासारखं सुख नाही.

चिन्ह गायब का होतं, तर ते चिन्ह प्रत्येक पानाला नसतंच. फायरफॉक्स पान बघून अंदाज करतो की इथे लेख आहे का, आणि त्याची फूटपट्टी म्हणजे परिच्छेदांची लांबी. 140 अक्षरांपेक्षा लहान परिच्छेद तो मोजतच नाही, त्यापेक्षा मोठ्यांना लांबीप्रमाणे गुण देतो, आणि बेरीज पुरेशी झाली की चिन्ह दाखवतो. साडेपाचशे अक्षरांचा एखादा जरी परिच्छेद असला तरी काम होतं. म्हणून लेख उघडला की चिन्ह येतं, आणि साईटच्या पहिल्या पानावर, जिथे नुसती हेडिंग आणि फोटो, तिथे नाही. साईटचं मुखपृष्ठ तर तो तपासतच नाही. मेल, फॉर्म, दुकान, याद्या इथे पण नाही. रेसिपीच्या पानावर साहित्य एकेका ओळीत आणि कृती छोट्या छोट्या वाक्यांत असेल तर तिथेही गुण भरत नाहीत, आणि मैत्रिणीला वाटतं बिघडलं. तिला सांगा, चिन्ह नसलं तरी जबरदस्ती करून बघता येते, पत्त्याच्या आधी एवढं लावायचं:

```
about:reader?url=
```

आणि त्याला चिकटून पुढे पानाचा पूर्ण पत्ता, https पासून. जमलं तर उघडेल, नाही जमलं तर लेख मिळाला नाही म्हणून सांगेल, नुकसान काही नाही. विंडोजवर फायरफॉक्समधे F9 दाबूनही रीडर उघडतो, पण तो चिन्ह असेल तेव्हाच.

तुमच्या क्रोममधे हे जरा वेगळं आहे. तीन टिंबांच्या मेनूत More tools मधे Reading mode म्हणून आहे, तो उघडला की लेखाचा मजकूर बाजूच्या पट्टीत येतो, पट्टीची कड ओढून रुंद करायची आणि वरच्या चिन्हांतून अक्षर मोठं करायचं. यात एक सोय मला फार आवडते, त्याला लेख ओळखता आला नाही तर पानावरचा हवा तेवढा मजकूर माऊसने सिलेक्ट करायचा, तेवढाच तो पट्टीत मोठा करून दाखवतो. तुमच्या रेसिपीच्या साईटला हे करून बघा, साहित्याची यादी सिलेक्ट करा आणि बघा.

रीडर मोडमधे एक धोका आहे आणि तो लक्षात येत नाही. तो काय टाकून द्यायचं हे अंदाजाने ठरवतो, आणि कधीकधी नको ते टाकतो. तक्ता गायब होतो, फोटोखालची ओळ जाते, मधली चौकट ज्यात महत्त्वाचा आकडा होता ती जाते, आणि लेख दोनतीन पानांत तोडलेला असेल तर बऱ्याचदा पहिलंच पान येतं. आणि राहिलेला मजकूर इतका नीटनेटका दिसतो की काही सुटलंय असा संशयच येत नाही. मी एकदा एका कॅमेऱ्याचा लेख रीडरमधे वाचून मित्राला तावातावाने सांगितलं की यात वजन दिलेलंच नाही, वजन होतं, तक्त्यात होतं, तक्ताच उडाला होता. तेव्हा दोन खुणा बघत जा: मजकुरात ‘खालील तक्त्यात’ असं आहे आणि खाली तक्ता नाही, किंवा शेवटचा परिच्छेद मधेच तुटल्यासारखा वाटतो. शंका आली की मूळ पान उघडायचं. औषधाचे डोस, पैशाचे दर, फॉर्मच्या अटी असलं काही असेल तर मी रीडरमधे वाचतच नाही, मूळ पानाला झूम देऊन वाचतो.

मैत्रिणीसाठी अजून एक, फायरफॉक्समधे तळ लावायची जागा Settings मधे General मधे Fonts शेजारच्या Advanced मधे आहे, आणि तिथे वर Fonts for असं एक खोकं आहे ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तिथे तळ लिपीप्रमाणे वेगळा असतो! Latin ला 15 लावला म्हणजे मराठीला लागला असं नाही. खोक्यात Devanagari निवडून Minimum font size परत लावावी लागते, आणि काही मराठी साईट्स आपण मराठी आहोत हे पानात कुठे सांगतच नाहीत, मग त्यांना देवनागरीचा तळ लागत नाही, म्हणून Latin आणि Other Writing Systems ला पण लावून टाकायचा. तीनदा तेच काम, पण एकदाच करायचं. शिवाय फायरफॉक्समधे Zoom text only म्हणून एक खूण आहे, ती लावली की झूमने फक्त अक्षर वाढतं, फोटो वाढत नाहीत. ती मात्र सगळ्या साईट्सना एकदम लागते, एकीपुरती नाही, आणि चौकटीबाहेर अक्षर लोंबायचा त्रास तिच्यातही आहेच.

मोबाईलचं तुम्ही विचारलं नाही तरी एका ओळीत सांगतो, अँड्रॉइडच्या क्रोममधे Settings मधे Accessibility मधे झूमची पट्टी आहे, आणि जी साईट बोटांनी मोठी होऊच देत नाही तिच्यासाठी तिथेच Force enable zoom आहे, ते चालू करून ठेवा.

तर आज संध्याकाळी एवढं करा, वही रिकामी, Page zoom 100, वरची पट्टी 18, खालची 14, आणि बातम्यांच्या साईटवर Ctrl अधिक दोनदा. मेल उघडून बघा, फॉर्मवालं पान उघडून खालचं बटण दिसतंय का बघा. मेलमधली पत्रांची यादी वेडीवाकडी झाली, म्हणजे ओळी एकमेकींवर चढल्या, तर खालची पट्टी 13 वर आणा आणि बातम्यांना झूम एक घर वाढवा. आणि कीबोर्डवर मांजर बसत असेल तर वही अधूनमधून उघडून बघत जा.